सहा वर्षांचे दोन रस्ते आणि मधला एक थांबा

दहावीचा निकाल लागल्यानंतरचे दोन-तीन आठवडे मध्यमवर्गीय मराठी घरांत मोठ्या खलबतांचे असतात. मुलाला ऐंशीच्या पुढे गुण पडलेले असतात, ‘इंजिनिअर व्हायचे’ एवढे पक्के झालेले असते आणि मग कुणीतरी, बहुधा एखादा मामा किंवा शाखेतील परिचयाचे, कारखान्यात पर्यवेक्षक असलेले काका, सल्ला देतात : ‘‘अकरावी-बारावीच्या भानगडीत पडता कशाला? सरळ तंत्रनिकेतनात घाला. तीन वर्षांनी थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात बसेल. सीईटी नको, क्लास नको.’’ त्यावर घरातील आत्या किंवा आजोबा नाक मुरडतात, ‘‘डिप्लोमा म्हणजे ज्यांना बारावी झेपत नाही त्यांचा उद्योग!’’ यातील पहिला सल्ला अर्धवट आहे आणि दुसरा शेरा निखालस चुकीचा. परंतु निर्णय बहुतेक घरांत या दोहोंपैकी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होतो, आणि त्याची किंमत तीन वर्षांनंतर, ऑगस्ट महिन्यातल्या एखाद्या गणिताच्या तासाला, मुलाला मोजावी लागते.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळतो म्हणजे एक वर्ष वाचते, असे अनेक पालक मानतात. वस्तुस्थिती तशी नाही. समजा, एकाच वाड्यातील दोन चुलतभाऊ 2026 साली दहावी झाले. थोरल्याने यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला प्रवेश घेतला, तर त्याची पदविका 2029 मध्ये पूर्ण होईल आणि पुढील तीन वर्षांनी, 2032 मध्ये, तो पदवीधर होईल. धाकट्याने विज्ञान शाखेतून 2028 मध्ये बारावी केली आणि चार वर्षांची पदवी घेतली, तर तोही 2032 मध्येच पदवीधर होईल. दोघे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून शेवटची तीन वर्षे काढू शकतात. दोघांच्या पदवीपत्रात काही फरक नसतो. वेळ ना वाचतो, ना वाया जातो. फरक आहे तो पहिल्या तीन वर्षांत कोणाच्या हाती काय पडते आणि कोणाचे काय राहून जाते यात.

मधला थांबा

थोरल्याच्या हाती पडते ती एक उपजीविकेची सोय. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची पदविका घेऊन एकोणिसाव्या वर्षी तो सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदा, रेल्वे अशा ठिकाणच्या कनिष्ठ अभियंत्याच्या अनेक पदांसाठी, शाखा जुळत असल्यास, अर्ज करू शकतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एक वर्ष तंत्रज्ञ शिकाऊ म्हणून विद्यावेतनावर कारखान्यात उभा राहू शकतो. चाकण, वाळूज, सातपूर येथील कारखान्यांत पाळीचा पर्यवेक्षक म्हणून पदविकाधारकच हवा असतो. धाकट्याच्या हाती मात्र त्याच्या अठराव्या वर्षी बारावीचे गुणपत्रक असते. त्या गुणपत्रकाला पुढील शिक्षणाच्या दारापाशी मोल आहे. कारखान्याच्या दारापाशी फारसे नाही.

ही गोष्ट सुखवस्तू घराला किरकोळ वाटेल. पण ज्या घरात एकच मिळवता आहे, वडिलांना साखर किंवा हृदयाचा विकार आहे, पाठची बहीण शिकते आहे, त्या घरासाठी हा थांबा म्हणजे विम्याचा कागद आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी घरावर प्रसंग ओढवला, तर बारावीनंतर अभियांत्रिकीचे एक-दीड वर्ष केलेला मुलगा बाजारात बारावी पासच राहतो. पदविकाधारक मुलगा नोकरी धरतो आणि स्थिरावल्यावर पुन्हा शिकू शकतो. नोकरी करणाऱ्या पदविकाधारकांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2023 पासून ठरावीक संस्थांमध्ये सोयीच्या वेळेचे पदवी वर्ग चालविण्यास परवानगी दिली आहे. किमान वर्षभराचा कामाचा अनुभव ही त्याची अट आहे. म्हणजे थांब्यावर उतरलेल्याला पुढची गाडी अगदीच चुकत नाही.

खर्चाचेही असेच आहे. शासकीय तंत्रनिकेतनाचे वार्षिक शुल्क काही हजारांत भागते. अकरावी-बारावीला कनिष्ठ महाविद्यालयाचे शुल्क त्याहून कमी असेल. पण त्याच्या जोडीला जो ‘इंटिग्रेटेड’ नावाचा क्लास येतो, त्याचे दोन वर्षांचे बिल लाखाच्या पुढे जाते. विद्यार्थी नाव एका महाविद्यालयात घालतो आणि दिवसभर बसतो क्लासच्या इमारतीत. प्रयोगशाळेचे तोंड तो प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी पाहतो. तिकडे तंत्रनिकेतनातील मुलगा पहिल्याच वर्षी कर्मशाळेत कानस घासतो, लेथवर उभा राहतो, रेखाचित्राच्या पाटावर तासन् तास वाकतो. हात काळे होणारे शिक्षण दुय्यम, ही समजूत आपल्याकडे रुजली ती कारकून घडविणाऱ्या शिक्षणपद्धतीतून. लोकमान्यांच्या काळात स्वदेशीच्या प्रेरणेतून तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला, तेव्हा तेथे तरुणांना काचकाम शिकविले गेले. शिकलेल्या हातांनी कसब शिकावे, हा विचार या मातीला नवा नाही. तो मध्यंतरी विसरला गेला इतकेच.

येथवर पाहता तराजू पदविकेच्या बाजूने झुकलेला दिसतो. दुसऱ्या पारड्यात मात्र दोन वजनदार गोष्टी आहेत आणि सल्ला देणारे मामा नेमक्या त्याच सांगत नाहीत.

जागा कोठे असतात?

पहिली गोष्ट जागांची. थेट द्वितीय वर्षासाठी महाविद्यालयाला मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के अधिसंख्य जागा मिळतात. त्याखेरीज प्रथम वर्षात ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्याही पदविकाधारकांना खुल्या होतात. हा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. साठ जागांचा एक नामांकित वर्ग घेतला, तर त्याचे प्रथम वर्ष बहुधा भरलेले असते. तेथे पदविकाधारकांना मिळणार सहा जागा, आणि त्याही निरनिराळ्या प्रवर्गांत वाटल्या जाणार. आता साठ जागांचाच दुसरा वर्ग घ्यावा, जेथे प्रथम वर्षाला चाळीसच विद्यार्थी आले. तेथे सहा अधिक वीस, म्हणजे सव्वीस जागा उपलब्ध. यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. थेट प्रवेशाच्या जागा जेथे मुबलक, ते महाविद्यालय बारावीच्या विद्यार्थ्यांनी दोन हात दूर ठेवलेले असते. ‘प्रवेश तर सहज मिळतो’ हे मामांचे म्हणणे खरेच आहे, प्रश्न कोठे मिळतो एवढाच आहे.

महाराष्ट्रात या प्रवेशासाठी वेगळी परीक्षा नाही. कर्नाटक, आंध्र, तेलंगण, पश्चिम बंगाल या राज्यांत पदविकाधारकांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा होते. आपल्याकडे पदविकेच्या टक्केवारीवरच गुणवत्ता यादी लागते. खुल्या प्रवर्गाला किमान पंचेचाळीस आणि राखीव प्रवर्गाला चाळीस टक्के ही पात्रता झाली. परंतु पुण्याचे 1854 साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, जे 2022 पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे, किंवा मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था येथील मागणीच्या शाखांची यादी नव्वदीच्या बऱ्याच वर बंद होते. पदविकेत शंभरातील नव्वदाहून अधिक गुण मिळविणे म्हणजे लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिके, सत्रकार्य आणि प्रकल्प यांतही कोठे पाय न घसरणे. एखाद्या विषयात मागे राहून तो पुढच्या सत्रात सोडविण्याची सवय लागली, तर उत्तीर्ण होता येते, पण नामांकित संस्थेचे दार बंद होते. बारावीच्या विद्यार्थ्याला सीईटीचे तीन तास निर्णायक असतात. पदविकेच्या विद्यार्थ्याला तीन वर्षे सावध राहावे लागते. ‘सीईटी नको’ म्हणून या वाटेला आलेल्याने ही अदलाबदल ध्यानात घ्यावी.

आणखी एक दार येथे बंद आहे. आयआयटीत थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश नाही. ज्या मुलाची तेथे जाण्याची कुवत आणि ईर्ष्या दहावीतच दिसते आहे, त्याला पदविकेला घालणे हा अन्याय होय. सैन्यात अधिकारी होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलासाठीही बारावीच योग्य, कारण राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पात्रता बारावीवर ठरलेली आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी ज्याचे मन अद्याप कोठेच ठरलेले नाही, त्याच्यासाठीही अकरावी विज्ञान ही अधिक मोकळी जागा आहे. तेथून वैद्यक, मूलभूत विज्ञान, संरक्षण अशा वाटा फुटतात. पदविका घेतलेल्याने आपली वाट निवडलेली असते.

ऑगस्टमधला गणिताचा तास

दुसरी गोष्ट गणिताची, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. पदविकेत गणित असते ते पहिल्या वर्षात. पहिल्या सत्रात लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, सारणी, आंशिक अपूर्णांक, डेरिव्हेटिव्हची ओळख. दुसऱ्या सत्रात इंटिग्रेशन आणि साधी विकलक समीकरणे. त्यानंतर बहुतेक शाखांत गणिताचा स्वतंत्र विषय नाही. तिसऱ्या सत्रापासून विद्यार्थी यंत्रांची रचना, द्रव यांत्रिकी, विद्युत यंत्रे हे विषय शिकतो. त्यांत सूत्रे असतात, पण सूत्रात आकडे घातले की उत्तर येते. ते सूत्र कोठून आले हे विचारले जात नाही. तंत्रज्ञाला ते पुरेसे आहे आणि अभ्यासक्रम त्याच हेतूने आखलेला आहे. त्यात दोष नाही.

आता आपल्या त्या दोन चुलतभावांकडे पुन्हा वळावे. 2029 च्या पावसाळ्यात दोघे यंत्र अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षात एकत्र आले आहेत. धाकट्याने बारावीत दोन वर्षे कॅल्क्युलस घोटले आहे आणि प्रथम वर्षात गणिताचे दोन विषय पार केले आहेत. त्यात तो आंशिक विकलन शिकला, सारणीची कोटी आणि आयगेन मूल्ये शिकला, दुहेरी-तिहेरी इंटिग्रेशन शिकला. थोरल्याने इंटिग्रेशनला शेवटचा हात लावला तो पदविकेच्या दुसऱ्या सत्रात, म्हणजे दोन वर्षांपूर्वी; आणि आंशिक विकलन तर त्याने पाहिलेलेच नाही. प्राध्यापक फळ्यावर व्हेक्टर कॅल्क्युलस सुरू करतात आणि ग्रेडियंट लिहितात :

∇φ = i ∂φ/∂x + j ∂φ/∂y + k ∂φ/∂z

थोरल्याला या ओळीतील ∂ हे वाकडे चिन्हच अपरिचित आहे. हात वर करावा, तर वर्गात बाकीचे पन्नास जण पुढे गेलेले आहेत. याच चिन्हावर पुढे द्रव यांत्रिकीतील प्रवाहाची समीकरणे उभी राहतात, उष्णता वहनाचे समीकरण उभे राहते. एका चिन्हाने अडलेला मुलगा तीन विषयांत मागे पडतो. त्याच वेळी कर्मशाळेत, रेखाचित्रात, यंत्राचे भाग ओळखण्यात तो धाकट्याच्या कितीतरी पुढे असतो. धाकटा त्याला लेथविषयी विचारतो आणि तो धाकट्याची वही मागतो. हे दृश्य महाविद्यालयांना नवीन नाही.

यात भर पडते ती वेळापत्रकाची. तंत्रशिक्षण मंडळाची उन्हाळी परीक्षा, तिचा निकाल, मग कागदपत्रांची पडताळणी, मग प्रवेशाच्या फेऱ्या असे होता होता अनेक ठिकाणी पदविकाधारक वर्गात येतो तोवर बाकीच्यांचे काही आठवडे शिकवून झालेले असतात. तिसऱ्या सत्राच्या गणितातील पहिले प्रकरण, सहसा उच्च कोटीची विकलक समीकरणे, त्याच्या अपरोक्ष संपलेले असते. मुलगा अनुत्तीर्ण होतो आणि घरी म्हटले जाते, ‘‘डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंग झेपत नाही.’’ झेपण्याचा येथे संबंध नाही. ज्या दोन विषयांवर इमारत उभी आहे, ते त्याला कोणी शिकविलेलेच नाहीत.

याची कल्पना नियामकांना नाही असे नव्हे. निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी रेखाचित्र अशा विषयांचे सेतू वर्ग चालवावेत, असे तंत्रशिक्षण परिषदेने आपल्या नियमावलीत लिहून ठेवले आहे. कर्नाटकात पदविकेवरून येणाऱ्यांना अतिरिक्त गणिताचे विषय वेगळे पूर्ण करावे लागतात. मुले त्यावर कुरकुर करतात, पण पाया त्यामुळे भरला जातो. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत सेतू वर्ग म्हणजे आठवडाभराची व्याख्याने आणि उपस्थितीच्या सह्या. थेट प्रवेशाचे शुल्क पूर्ण घेणाऱ्या संस्थांनी पहिल्या सहामाहीत संध्याकाळचे चाळीस-पन्नास तास या मुलांसाठी राखून ठेवावेत, ही मागणी पालकांनी आणि विद्यार्थी चळवळीने लावून धरण्यासारखी आहे. मोर्चे याहून क्षुल्लक कारणांसाठी निघाले आहेत.

तोवर विद्यार्थ्याला स्वतःचा सेतू स्वतः बांधावा लागेल, आणि ते अवघड नाही. उन्हाळी परीक्षा संपल्यापासून प्रवेश होईपर्यंत दोन-अडीच महिने मोकळे असतात. त्या काळात चारच प्रकरणे पक्की करावीत : इंटिग्रेशनची उजळणी, आंशिक विकलन, सारणीची कोटी व आयगेन मूल्ये, आणि रेषीय विकलक समीकरणे. प्रथम वर्ष अभियांत्रिकीची गणिताची पुस्तके जुन्या बाजारात सहज मिळतात. एका प्रकरणाला दोन ते अडीच आठवडे, रोज दोन तास, एवढा हिशेब पुरतो. आंशिक विकलन तर साध्या डेरिव्हेटिव्हवर पक्की पकड असलेल्याला चार दिवसांत उमगते. एक चल बदलू द्यायचा आणि बाकीचे स्थिर धरायचे, एवढीच त्यातील युक्ती. दुहेरी इंटिग्रेशन पहिल्या सत्रात वर्गाबरोबर धरता येते.

ही तयारी वेळेवर सुरू करण्याची गरज आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. मुलगा पदविकेच्या पाचव्या सत्रात असताना त्याच्यासमोर ∫ x sin x dx एवढे लिहून ठेवावे. पुस्तक न उघडता त्याने −x cos x + sin x + C हे उत्तर काढले, तर पाया शाबूत आहे. ‘हे पहिल्या वर्षाला होते’ असे म्हणून तो हसला, तर उन्हाळ्याची वाट न पाहता त्याच संध्याकाळी वही काढावी.

दहावीच्या टप्प्यावरही असेच एक चिन्ह पाहता येते. गणितात ज्याला बीजगणित आवडते, सिद्धता समजून घ्यावीशी वाटते, पण हातांना काम नको असते, त्याने बारावीच्या वाटेने जावे. जो घरातील मिक्सर उघडून पुन्हा जोडतो, सायकलच्या दुकानात रेंगाळतो आणि गणितात साठ-सत्तरच्या दरम्यान आहे, त्याला पदविका मानवेल. फक्त गणिताचा धागा त्याने मधल्या दोन वर्षांत तुटू देऊ नये. आणि ज्याला गणिताची धास्तीच आहे, त्याने ‘बारावीचे गणित टळेल’ म्हणून पदविकेला येऊ नये. गणित टळत नाही, तीन वर्षे पुढे ढकलले जाते आणि अधिक अवघड होऊन परत येते. अशा मुलाने पदविका घेऊन कामाला लागण्याचा विचार करावा. त्यात कमीपणा कसला?

मराठी माध्यमातून आलेल्यांचा एक प्रश्न उरतो. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या सत्रात, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्रजी पुस्तके एकदम अंगावर येतात आणि चांगली मुले तेथेच गळतात. अलीकडे मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक अध्ययनाची मुभा दिली आहे. विषय समजून घेण्यासाठी ती जरूर वापरावी. परंतु ज्याला पदवीला जायचे आहे त्याने उत्तरे इंग्रजीतून लिहिण्याचा सराव दुसऱ्या वर्षापासून ठेवावा, कारण बहुतेक महाविद्यालयांत पदवीचे अध्यापन इंग्रजीतूनच चालते.

बारावीची वाट फसली तर काय, हेही पालकांनी ठाऊक करून घ्यावे. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्याला, सीईटीत यश आले नाही तरी, पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. मग दोन वर्षांची पदविका आणि तीन वर्षांची पदवी, असा तो सहाऐवजी सात वर्षांत पदवीपर्यंत पोहोचतो. एक वर्ष अधिक जाते खरे, पण बारावीचे कॅल्क्युलस त्याच्या गाठीशी असते आणि ऑगस्टमधल्या त्या तासाला तो थोरल्या चुलतभावाइतका बावरत नाही.